बोली ३ लाख ६० हजारांची, गाडी कितीची?

हप्ते थकले की बँक किंवा फायनान्स कंपनी गाडी ओढून नेते आणि शहराबाहेरच्या एखाद्या यार्डात उभी करते. मग ती लिलावात निघते. हल्ली बोली बहुतेक मोबाइलवरच लागते. बाजारात ४ लाख ६० हजारांना जाणारी हॅचबॅक तिथे ३ लाख ६० हजारांना सुटताना दिसते, आणि लाखभर वाचले या आनंदात घरी पेढे आणले जातात. पण हा लाख पूर्ण हातात येत नाही. बराचसा वाटेतच खर्च होतो, आणि उरलेला कागदांच्या धावपळीचा मोबदला असतो.

या लिलावात समोर कोण बसले आहे, हे आधी लक्षात घ्यावे. तिथे जुन्या गाड्यांचे व्यापारी रोज बोली लावतात. त्यांच्याकडे स्वतःचा मेकॅनिक, स्वतःचा डेंटर-पेंटर आणि आरटीओतला ओळखीचा एजंट असतो. दुरुस्तीचा खर्च आणि स्वतःचा नफा वजा करून ते आकडा ठरवतात आणि त्याच्या पुढे जात नाहीत. घरगुती ग्राहक व्यापाऱ्यापेक्षा दहा हजार जास्त बोलून जिंकतो तेव्हा एक प्रश्न उरतोच: तो माणूस तिथे का थांबला?

आता त्याच हॅचबॅकचा हिशेब मांडून पाहू. समजा, आधीच्या मालकाने ती ६ लाखांना घेतली होती आणि खरेदीला ३ वर्षे २ महिने झाले आहेत. लिलावाच्या अटींत ‘जीएसटी वेगळा’ असे लिहिले असेल, तर तो सहसा पूर्ण किमतीवर लागत नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या कर्जदाराकडून ओढलेल्या गाडीसाठी नियम असा आहे, की मूळ खरेदी किमतीतून प्रत्येक तिमाहीला, अपुरी तिमाही धरून, ५ टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेपेक्षा विक्री जितकी जास्त, तेवढ्या फरकावर १८ टक्के कर लावायचा. इथे १३ तिमाह्या म्हणजे ६५ टक्के गेले, २ लाख १० हजार उरले. ३ लाख ६० हजारांशी फरक दीड लाखाचा, म्हणून कर २७ हजार. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल, तर वजावट पूर्ण होऊन मूळ किंमत शून्यावर येते आणि कर अख्ख्या बोलीवर बसतो. जुनी गाडी स्वस्त दिसते त्यामागचा हा खड्डा फार थोड्यांना माहीत असतो.

पुढचे आकडे अंदाजाचे, पण नेहमी दिसणारे. लिलाव कंपनीचे शुल्क ७ हजार, यार्डाचे भाडे आणि टोइंग ५ हजार, नवी बॅटरी साडेचार हजार, दोन टायर ९ हजार, ऑइल, फिल्टर आणि ब्रेकचे काम १० हजार, दुसरी चावी ५ हजार, जुने ई-चलान साडेतीन हजार. करासह बेरीज ७१ हजार. लाखातून ते गेले की हातात २९ हजार उरतात, म्हणजे बाजारभावाच्या सुमारे ६ टक्के. आणि यात एसीचा कॉम्प्रेसर शाबूत धरला आहे. नशीब चांगले असेल तर बचत १० टक्क्यांपर्यंत, फार तर त्याच्या थोडी वर जाईल. २५-३० टक्क्यांची आशा धरून कोणी उतरत असेल, तर त्याने थांबून हिशेब पुन्हा करावा.

पैशांपेक्षा मोठा धोका कागदांत आहे. बँकेने गाडी विकली तरी आरसीवर नाव कर्जदाराचेच असते. मूळ आरसी बहुधा त्याच्याकडेच राहिलेली असते आणि तो चिडलेला किंवा बेपत्ता असतो. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही लागते. कर्ज देतानाच घेऊन ठेवलेले सह्या केलेले कोरे फॉर्म पुढे करण्याची पद्धत रूढ आहे, पण सही जुळली नाही किंवा ओटीपी त्याच्या मोबाइलवर गेला की फाइल अडते. सरळ रस्ता मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्ये आहे. मालक आरसी देत नसेल किंवा फरार असेल, तर फायनान्सर फॉर्म ३६ भरून अर्ज करतो, आरटीओ मालकाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकते आणि जुनी आरसी रद्द करून नवी फायनान्सरच्या नावे देते. मग बँक स्वतः विक्रेता म्हणून सही करू शकते. याला वेळ लागतो, पण कागद निर्धोक होतो. म्हणून बोलीआधी बँकेला एकच गोष्ट लेखी विचारावी: आरसी बँकेच्या नावावर झाली आहे का, नसेल तर कोण आणि कधी करून देणार?

‘परिवाहन’च्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की फायनान्सरचे नाव, विम्याची मुदत आणि गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे कळते. बोजा दुसऱ्याच बँकेचा दिसला तर हात आखडता घ्यावा. विकणाऱ्या बँकेला आधी तो उतरवून घ्यावा लागेल. गाडी ताब्यात घेताना पोलीस ठाण्याला दिलेले पत्र आणि कर्जदाराला पाठवलेली विक्रीची नोटीस, या दोन्हींच्या प्रती मागाव्यात. कर्जदाराने चोरीची तक्रार दिली किंवा तो न्यायालयात गेला, तर नव्या मालकाच्या हातात हेच कागद असतात. गुंडगिरी करून गाड्या ओढण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कडक शब्दांत ताशेरे ओढले होते, त्यामुळे असे आक्षेप हवेतले नसतात.

नाव बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर आणणे टाळावे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे आरसीवर ज्याचे नाव आहे तो. जुना मालक अडकतो, आणि नव्याच्या हातात स्वतःच्या नुकसानीचा विमा दावा नाकारल्याचे पत्र येण्याची दाट शक्यता असते.

यार्डात गाडी चालवून पाहायला सहसा मिळत नाही, म्हणून मेकॅनिक सोबत न्यावा. बॅटरी उतरलेली असते, तेव्हा जंप-स्टार्टची केबल न्यावी आणि थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करून घ्यावे. चासी नंबर कागदावरून नव्हे, पत्र्यावरून वाचावा. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परतावे. बॉनेट उघडले की उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधाव्यात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत हे सर्रास दिसते आणि वायरिंगचे काम महाग पडते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल, तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळुणात शेकडो गाड्या बुडाल्या. धुतलेल्या सीटवर ते दिसत नाही, पण बेल्टच्या गुंडाळीत आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ उरतो.

पिवळ्या पाटीची टॅक्सी लिलावात सर्वांत स्वस्त दिसते. तिला घरची गाडी करायची, तर परमिट जमा करणे, थकीत कर भरणे आणि खासगी वापराच्या कराचा फरक देणे, एवढे सगळे आरटीओत पार पाडावे लागते. परराज्यातली नोंदणी असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. मोठ्या शहरांतल्या कॅब बरेचदा लाखो किलोमीटर पळालेल्या असतात. अशा गाडीवर बोली लावण्याआधी आरटीओत जाऊन कराचा आकडा विचारून घ्यावा आणि तो बोलीतून आधीच वजा करावा.