अजून एकच एपिसोड

कर्मिट हा हिरवा बाहुला-बेडूक उभा आहे. त्याच्यासमोर काळा झगा घालून, डोक्यावरून टोपी ओढलेला, अगदी त्याच्याच चेहऱ्याचा दुसरा बेडूक. वर दोन ओळी असतात. ‘मी : सकाळी सहाला उठायचंय, आता झोपतो. आतला मी : अजून एकच एपिसोड.’ विनोद इथेच संपतो.

हे दृश्य 2014 च्या ‘मपेट्स मोस्ट वाँटेड’ या चित्रपटातलं. काळ्या झग्यातला बेडूक म्हणजे कॉन्स्टंटाइन, कर्मिटसारखाच दिसणारा गुन्हेगार. नोव्हेंबर 2016 मध्ये ट्विटरवर या चित्राचं मीम झालं आणि जागरणाच्या विषयाला ते चपखल बसलं, कारण दोघांचा चेहरा एकच आहे. झोप उडवायला बाहेरून कोणी आलेलं नाही.

एरवी विनोदाचा शेवट अनपेक्षित असावा लागतो. इथे पहिल्या ओळीतच शेवट कळतो, तरी माणसं हसतात आणि लगेच मित्राला टॅग करतात. ‘हा तर मीच’ या कबुलीत ‘आणि तूही’ हे धरलेलंच असतं. पुष्कळदा ही देवाणघेवाण होते तीच मुळी रात्री पावणेदोनला. पाठवणाराही जागा आणि ‘हाहा’ करणाराही जागा, त्यामुळे कोणी कोणाला उपदेश करायच्या स्थितीत नसतं. या मीमचा सगळा आनंद त्या सामायिक अपराधीपणात आहे.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या फ्लोर क्रूझे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये या सवयीवर शोधनिबंध लिहिला. ठरवलेल्या वेळेपेक्षा उशिरा झोपणं, तेही बाहेरचं काहीच कारण नसताना, अशी त्यांची व्याख्या. रात्रपाळीचा कामगार किंवा तान्ह्या बाळाची आई त्यात येत नाही. त्यांनाही झोप मिळत नाही, पण ती त्यांनी स्वतः टाळलेली नसते. आपलं नुकसान होतंय हे कळत असूनही केलेली ही चालढकल आहे, आणि मीम नेमकं त्या कळण्यावर बोट ठेवतं. ‘आत्ता झोपलं तर पाच तास मिळतील’ हे मीम घ्या. थोड्या वेळाने साडेचार, मग चार. दर वेळी हिशेब बरोबर असतो आणि फोन हातातच असतो. प्रौढांनी किमान 7 तास झोपावं, अशी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थांची शिफारस आहे. म्हणजे हा हिशेब सुरू होतो तोच तोट्यात.

चीनमध्ये या विनोदाला वेगळी धार आली. सकाळी 9 ते रात्री 9, आठवड्याचे 6 दिवस, अशा ‘996’ कामाच्या वेळांनी तिथल्या तंत्रज्ञान कंपन्यांतली तरुण मुलं पिचली होती. दिवस मालकाचा, मग निदान रात्र तरी आपली, म्हणून मुद्दाम जागायचं. याला तिथे ‘सूड म्हणून जागरण’ म्हणू लागले आणि 2020 मध्ये ही कल्पना इंग्रजी ट्विटरवरून जगभर पोचली. तिथल्या तरुणांचा आणखी एक आवडता विनोद आहे : सगळ्यात उशिरापर्यंत जागायचं आणि चेहऱ्याला सगळ्यात महागडा फेसमास्क लावायचा. अपराध चालू ठेवून त्याचं प्रायश्चित्तही त्याच रात्री उरकून घेण्याची ही धडपड हसवते, पण त्यामागचा थकवा खरा आहे. अशा माणसाला ‘फोन बाजूला ठेव’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. त्याला दिवसातला स्वतःचा तासभर परत मिळायला हवा.

सगळी जागरणं मात्र एका जातीची नसतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात उशिरा झोपणाऱ्यांना त्यांची कारणं विचारली, तेव्हा तीन प्रकार पुढे आले. काही जण ‘हा माझा वेळ आहे’ म्हणून जाणूनबुजून जागतात. सूडाचं जागरण ते हेच. काहींना वेळेचं भानच राहत नाही. ‘अजून एकच एपिसोड’वाले बरेचसे यातले. तिसऱ्या गटातली माणसं मात्र लवकर पडलं तरी झोप लागणार नाही हे अनुभवाने जाणतात आणि म्हणून उशिरा अंथरुणावर जातात.

हा तिसरा माणूस मीममध्ये ओळखू येत नाही. मित्र त्यालाही त्याच चित्राखाली टॅग करतात, तोही हसतो. फरक दिसतो तो दिवा मालवल्यावर. पहिल्या दोघांना फोन ठेवताच बहुधा झोप लागते, हा मात्र छताकडे बघत पडून राहतो. आठवड्यातल्या तीन-चार रात्री असंच चाललं आणि महिनोन्‌महिने टिकलं, तर तो निद्रानाश असू शकतो, आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जायला हवं. त्याला ‘लवकर झोपत जा’ म्हणणं उलटही पडतं, कारण अंथरुणात जागं पडून राहण्याची वेळच वाढते. निद्रानाशाच्या वर्तनोपचारात म्हणूनच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अंथरुणावर घालवायचा वेळ आधी कमी केला जातो आणि झोप सलग लागू लागली की हळूहळू वाढवला जातो.