देणगीचे पत्र मराठीत आणताना
(भाषांतराची कामे : लेखांक ११)

गेल्या आठवड्यात औषधाच्या डबीतील माहितीपत्रक पाहिले. या वेळी जे पत्र घेतले आहे त्यात माहितीइतकेच मन हलवण्याचेही काम आहे: सामाजिक संस्थेचे देणगीचे आवाहन. नाशिकमध्ये अशी पत्रे बऱ्याचदा आधी इंग्रजीत लिहिली जातात, कारण निधी देणाऱ्या कंपन्या आणि न्यास इंग्रजीत वाचतात. मग तेच पत्र निवृत्त शिक्षक, दुकानदार, द्राक्षबागायतदार यांच्याकडे पाठवायचे ठरते आणि भाषांतराला येते.

नमुना म्हणून या लेखासाठी मी एक पत्र रचले आहे. संस्था, पाडा आणि आकडे कल्पित आहेत, पण अशा पत्रांत नेहमी दिसणारी वाक्ये तीच. शब्दाला शब्द ठेवून त्याचे मराठी असे होते:

“दुष्काळाने होरपळलेल्या नाशिकच्या आदिवासी खेड्यात एक असहाय आई दररोज जिवाची बाजी लावते. तिच्यासाठी प्रत्येक दिवस हा जगण्याचा संघर्ष आहे. फक्त ५०० रुपयांत, दोन कप कॉफीच्या किमतीत, तुम्ही एका कुटुंबाला आयुष्यभराचे शुद्ध पाणी देऊ शकता. आज मध्यरात्रीपूर्वी देणगी द्या. तुम्ही पाठ फिरवलीत, तर तिच्याकडे कोण पाहील?”

पहिलाच शब्द चुकीचा आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी हे जिल्ह्यातले सर्वाधिक पावसाचे तालुके. दुष्काळ म्हटले की नाशिककराला सिन्नर, येवला, नांदगाव आठवते. पश्चिमेच्या पाड्यांवर असते ती उन्हाळ्यातली टंचाई. काळा कातळ पाणी फारसे धरत नाही, उतार मोठा असतो, पाऊस डोंगरावरून वाहून जातो आणि होळीनंतर विहिरी तळ गाठतात. इंग्रजी पत्र दिल्लीत किंवा लंडनमध्ये वाचले गेले तर हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. नाशिकमधला वाचक मात्र श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला जाऊन भिजून आलेला असतो. दुष्काळ हा शब्द वाचताच त्याचा उरलेल्या पत्रावरचाही विश्वास उडतो. शिवाय खरी गोष्ट अधिक चटका लावणारी आहे: जिथे चार महिने धो धो कोसळतो, तिथेच मे महिन्यात प्यायला पाणी नाही.

आता “प्रत्येक दिवस हा जगण्याचा संघर्ष”. हे वाक्य त्या बाईचे नाही. ती बोलली असेल तिच्या कोकणी किंवा महादेव कोळी बोलीच्या वळणाने. कार्यकर्त्याने ते टिपले, कार्यालयात कोणीतरी त्याचे इंग्रजी केले आणि आता आपण त्या इंग्रजीचे मराठी करतो आहोत. दोनदा गाळणीतून गेलेल्या या वाक्यात तिचे काहीच उरत नाही. अशा वेळी भाषांतरकाराने इंग्रजी कागद बाजूला ठेवून संस्थेकडे मूळ टिपणे किंवा ध्वनिमुद्रण मागावे. तिथे बहुधा असे काहीतरी सापडते: “रातचं पाणी भरतो, दिवसा मजुरीला जातो.” हेच पत्रात घ्यावे. त्याला सजवायची गरज नसते.

टिपणांत असलेला दुसरा ऐवज म्हणजे तपशील. समजा त्यात लिहिले आहे की उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी गोळा करावे लागते आणि पंधरा लिटरचा एक हंडा भरायला अर्धा तास लागतो. हा तपशील जरा मांडून पाहा. अर्ध्या तासाला एक हंडा म्हणजे दिवसरात्र मिळून अठ्ठेचाळीस हंडे. पाड्यावर घरे साठ. म्हणजे कोणी झोपलेच नाही तरी घरटी एक हंडा पुरत नाही. “असहाय”, “हृदयद्रावक”, “अश्रूंचा प्रवास” यांतला कोणताही शब्द इतके सांगू शकत नाही. पत्रातली भावना टिकवायची म्हणजे हे शोधायचे. विशेषण काढले की भावना उतरते, अशी भीती संस्थांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे.

एका व्यक्तीची गोष्ट सांगायची ही पद्धत मात्र उगाच आलेली नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाच डॉलर मिळाले होते आणि त्यांतून हवे तेवढे दान करायचे होते. मालीतील रोकिया नावाच्या मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, भुकेची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. दोन्ही एकत्र वाचणाऱ्यांनी दिले १.४३. म्हणून पत्राच्या सुरुवातीला हंडा भरणारी बाई असणे योग्यच. पण आकडे दडवून ठेवावेत, असा अर्थ मी त्यातून काढत नाही. ते गोष्टीनंतर आणि गोष्टीला जोडून यावेत.

पत्रातला सर्वांत अवघड भाग म्हणजे ५०० रुपयांचे वाक्य. इथे भाषा बदलण्याआधी हिशेब समजून घ्यावा लागतो. योजना अशी धरू: पाड्याखालच्या मोठ्या झऱ्याचे पाणी टाकीत साठवायचे, सौर पंपाने वर चढवायचे. खर्च नऊ लाख. साठ घरांत वाटले तर घरामागे पंधरा हजार. मग पाचशेत एका कुटुंबाला पाणी कसे मिळेल? चौकशी केली की कळते, हा आकडा पंपाच्या देखभालीसाठी प्रत्येक घराकडून घ्यायच्या वार्षिक वर्गणीचा आहे. म्हणजे आकडा खरा, पण तो भलत्याच वाक्यात जाऊन बसला. “आयुष्यभर” तर राहणारच नाही, कारण पंप कधीतरी बदलावा लागतो. “शुद्ध” हेही उघड्या झऱ्याच्या पाण्याला क्लोरीन दिल्याशिवाय म्हणता येत नाही.

आणखी एक प्रश्न विचारायचा: झऱ्याचे पाणी मोजले आहे का, आणि कोणत्या महिन्यात? नोव्हेंबरचे माप उपयोगाचे नाही, मेमधले हवे. समजा मेमध्ये रोज आठ हजार लिटर मिळते. वस्ती तीनशेची, म्हणजे माणशी साधारण सत्तावीस लिटर. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी ५५ लिटरचे आहे. तेव्हा “पाणीप्रश्न कायमचा सुटेल” असे लिहिणे खोटे ठरेल. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी दारात येईल, एवढे खरे आहे. वाटीने हंडा भरणाऱ्या बाईसाठी ते थोडे नाही, तेव्हा तेच लिहावे.

कॉफीची तुलना काढून टाकावी. पेन्शनवर घर चालवणाऱ्या वाचकाला त्यात तुमचे खाणेपिणे आम्ही मोजतो आहोत, असे ऐकू येते. “तुम्ही पाठ फिरवलीत तर” हे वाक्य त्याहून वाईट: पैसे न देणाऱ्याला ते दोषी ठरवते. आणि मध्यरात्रीनंतर काहीच घडणार नसते. या कामाला खरी मुदत आहे, ती पावसाची. जूनमध्ये पाड्याचा रस्ता चिखलात जातो, सिमेंट आणि पाइप वर नेता येत नाहीत. ही मुदत कारणासह सांगितली की घाई वाचकाला आपसूक कळते.

मागण्याची भाषा मराठीत तयार आहे. “यथाशक्ती”, “फूल ना फुलाची पाकळी” या शब्दांनी रक्कम देणाऱ्यावर सोडलेली असते. “खारीचा वाटा” मात्र जपून वापरावा. देणाऱ्याने स्वतःबद्दल म्हटला तर तो विनय, मागणाऱ्याने दुसऱ्याच्या देणगीला म्हटला तर ती छोटी होते. एकेकाचा पैसा लहान असला तरी चालतो, हे आपल्याकडे जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची मागणी माणशी वर्षाला एक पैशाची होती आणि साठलेल्या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. आपल्या काळात ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात संस्थांची ओळख करून देतो. त्या लेखांत संस्थेचे काम आणि गरज सविस्तर येते, आणि वाचक धनादेश पाठवतात.

एवढे झाल्यावर आपले पत्र असे होते:

“सप्रेम नमस्कार.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील आमच्या एका पाड्यावर साठ घरे आहेत. पावसाळ्यात इथे धो धो पडतो, पण होळीनंतर विहीर तळ गाठते. मग बायका आत उतरून वाटीने पाणी भरतात. एका हंड्याला अर्धा तास लागतो. ‘रातचं पाणी भरतो, दिवसा मजुरीला जातो,’ असे तिथली एक ताई सांगते. दिवसरात्र मिळून अठ्ठेचाळीस हंडे भरतात.

पाड्याखाली एक झरा मेमध्येही रोज आठ हजार लिटर पाणी देतो. ते पंपाने पाड्यावर आणले, तर पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी दारात मिळेल. खर्च नऊ लाख रुपये आहे. साडेतीन लाख जमले आहेत, साडेपाच लाख हवे आहेत. पाइपासाठी चर पाड्यावरचे लोक श्रमदानाने खणत आहेत, आणि देखभालीसाठी प्रत्येक घर वर्षाला ५०० रुपये देणार आहे. पावसात माल वर नेता येत नाही, म्हणून काम मेअखेर पुरे करायचे आहे.

आपण यथाशक्ती जी रक्कम द्याल ती याच कामात जमा होईल. काम पाहायला यायचे असेल तर कळवावे, आम्ही सोबत येऊ.”

यात पाड्याचे लोक हात पसरून बसलेले नाहीत, चर खणताना दिसतात. हे मुद्दाम ठेवले आहे. इंग्रजी पत्र त्या ताईच्या हाती कधीच पडले नसते. मराठी पत्र तिची आश्रमशाळेत शिकणारी मुलगी वाचेल, सरपंच वाचतील. म्हणून छापण्यापूर्वी ते पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्या ताईची संमती घ्यावी. ऐकताना कोणी मान खाली घातली, तर ते वाक्य बदलावे.

शेवटी तळटीप, जी बहुतेक जण इंग्रजीतून तशीच उतरवतात. “जगात कुठूनही देणगी द्या” हे वाक्य तपासल्याशिवाय ठेवू नये. परदेशात असलेला पण भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलीची देणगी मात्र परकीय ठरते आणि त्यासाठी संस्थेकडे विदेशी देणगी नियमन कायद्याची नोंदणी किंवा परवानगी लागते. करसवलतीचेही तसेच: नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती नाही. हे दोन ओळींत स्पष्ट लिहावे, म्हणजे नंतर कोणाला फसल्यासारखे वाटणार नाही.

वाचकहो, आपल्याकडे असे एखादे पत्र आले असेल तर त्यात एकूण खर्च, आजवर जमलेली रक्कम आणि काम कधी पुरे होणार हे तीन तपशील शोधा. नसतील तर संस्थेला फोन करून विचारा, आणि उत्तर पटले तर जरूर द्या.