दिवाळीची रजा आणि दोन घड्याळे

पुण्यात बसून सॅन फ्रान्सिस्कोतल्या टीमसाठी काम करणाऱ्याने ‘सोमवारी रजा हवी’ एवढेच लिहिले, तर घोटाळा ठरलेला. तिथला सोमवार सकाळी ९ला सुरू होतो, तेव्हा उन्हाळी वेळेनुसार पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. कामाची सोपवणूक नेमकी याच सुमारास होते. मग रजेवरचा माणूस त्या रात्री कॉलवर येणार की नाही? साहेब गृहीत धरतात, येणार. घरी मात्र लक्ष्मीपूजन चालू असते.

म्हणून अर्जात तारीख आणि दोन्हीकडची वेळ लिहावी: ‘सोमवारी पूर्ण दिवस रजा. रात्री १०:३० ते ११ (तुमचे सकाळी ९ ते ९:३०) फक्त सोपवणुकीसाठी फोनवर असेन. त्यानंतर मंगळवारी दुपारी १पर्यंत नाही.’

इथे साडेदहा कसे? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. दिवाळी बहुधा याच्याच आगेमागे येते. अर्ज ऑक्टोबरात केला, तरी वेळ रजेच्या दिवसाचीच मोजावी. आणि तो अर्धा तासही द्यायचा नसेल, तर तसे स्पष्ट लिहून सोपवणूक शुक्रवारीच उरकावी.