लग्नाचा बायोडाटा: काय मांडावे, काय राखून ठेवावे

लग्नाचा बायोडाटा हा दोन अनोळखी घरांमधला पहिला कागद असतो. तो वाचून समोरच्या घराने फोन करायचा की नाही, एवढेच ठरायचे असते. फोननंतर चौकशी होते, पत्रिका दिली-घेतली जाते, मग कांदेपोहे आणि मुलामुलीचे स्वतंत्र बोलणे. या प्रत्येक टप्प्यावर सांगायची माहिती वेगळी असते. बहुतेक बायोडाटा बिघडतात ते सगळ्या टप्प्यांची माहिती पहिल्याच कागदावर कोंबल्यामुळे.

तरीही बायोडाटा डीटीपीवाल्याकडे किंवा घरातल्या शिकलेल्या भाच्याकडे जातो तो ‘जरा सुधारून दे’ एवढ्याच निरोपाबरोबर. मग भाचा किनारीवर फुलांची वेल घालतो, अक्षर बदलतो, ‘सुंदर’च्या जागी ‘अतिशय सुंदर’ लिहितो, आणि मूळ दोष तसाच राहतो. सुधारणेआधी विचारायला हवे की हा कागद कोणाच्या हातात जाणार आहे. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत राहणारा बायोडाटा ओळखीतल्या माणसांपुरता असतो. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेला बायोडाटा मात्र त्याच संध्याकाळी अशा माणसांपर्यंत पोहोचतो, ज्यांचे नावही घरात कोणाला ठाऊक नाही. तो परत मागवता येत नाही आणि लग्न जमल्यावरही फिरत राहतो. आज बहुतेक बायोडाटा याच वाटेने जात असल्याने मांडणी, भाषा आणि गाळणी या तिन्ही गोष्टी त्या हिशेबाने ठरवाव्या लागतात.

मांडणी

कागद एकच पानाचा असावा. वाचणारा तो मोबाइलवर बोटाने सरकवत पाहतो आणि दुसऱ्या पानापर्यंत क्वचित जातो. वर ‘श्री गणेशाय नमः’ किंवा कुलदैवताचे नाव, खाली डावीकडे मथळा आणि उजवीकडे माहिती अशा दोन रकान्यांची जुनी पद्धत आजही सर्वांत सोयीची आहे, कारण वाचणाऱ्याची नजर ठरावीक जागी ठरावीक गोष्ट शोधते. क्रम असा ठेवावा: नाव, वय आणि उंची, शिक्षण, नोकरी व तिचे शहर, मग पत्रिकेचा तपशील, मग कुटुंब व नातेसंबंध, शेवटी अपेक्षा आणि संपर्क. जाड नक्षीदार किनार पानाची बरीच जागा खाते आणि अक्षरे बारीक करायला लावते, म्हणून ती काढणे चांगले.

फाइल पीडीएफमध्येच पाठवावी. वर्डची फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडताना रकाने हलतात, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. छापील कागदाचा काढलेला फोटो दोन-तीनदा पुढे गेला की धूसर होतो. फाइलला ‘बायोडाटा नवीन फायनल २’ असे नाव न देता मुलीचे वा मुलाचे पहिले नाव, शिक्षण आणि शहर द्यावे. चाळीस फाइलींतून ती पुन्हा शोधणाऱ्या काकूंना त्याचा उपयोग होतो. छायाचित्र एकच, समोरून, नैसर्गिक उजेडात काढलेले असावे. बहिणीच्या लग्नातला गट कापून केलेले चित्र कापल्यासारखेच दिसते.

भाषा

बायोडाटात सर्वाधिक जागा अडवतात ती विशेषणे: मनमिळाऊ, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, घरंदाज, सुसंस्कृत. ती प्रत्येक कागदावर असल्यामुळे त्यांनी एक मुलगी दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही. ‘वर्ण: गोरा’ ही ओळ छायाचित्र सोबत असताना अनावश्यक आहे, आणि ‘गव्हाळ’, ‘निमगोरा’ असे शब्द वाचणाऱ्याचे लक्ष नको तिथे नेतात. ती ओळ पूर्ण काढावी. विशेषणाच्या जागी एखादी खरी, तपासता येईल अशी गोष्ट लिहिली की तेच काम कमी शब्दांत होते.

अपेक्षांच्या रकान्यालाही हाच नियम लावावा. जी अट पूर्ण न झाल्यास घर खरोखरच नकार देणार आहे, तीच लिहावी. उरलेल्या अटी घरातल्यांनी आपल्यापाशी ठेवाव्यात. दहा अटींची यादी वाचून नेमके तेच घर मागे सरते, ज्याच्याशी बोलून आठ अटी आपोआप सुटल्या असत्या.

काय गाळावे

सर्वांत आधी पाहायचा तो जन्माचा तपशील. मराठी बायोडाटात जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ तिन्ही असतात, कारण पत्रिका मांडायला तिन्ही लागतात. पण पहिल्या टप्प्यावर पत्रिका मांडायची नसते, गुण जुळतात का एवढेच पाहायचे असते. छत्तीस गुणांचे गुणमेलन चंद्राच्या राशी आणि नक्षत्रावरून होते. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस आणि त्याच्या एका चरणात सुमारे सहा तास असतो. त्यामुळे रास, नक्षत्र, चरण, गण आणि नाडी दिली की गुण काढता येतात. मिनिटापर्यंतची वेळ लागते ती लग्नरास आणि मंगळ पाहायला, कारण लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. ती वेळ पत्रिका देण्याच्या टप्प्यावर सांगितली तरी काही अडत नाही. फिरत्या कागदावर पूर्ण तारखेऐवजी महिना आणि वर्ष पुरेसे आहे. नक्षत्र दिल्यावर पंचांगातून दिवस काढता येतो हे खरे, पण एवढी खटपट पत्रिका पाहणारा करेल. यादीतून नंबर उचलणारा भामटा सहसा करणार नाही.

त्याला तारीख का मिळू द्यायची नाही, तेही पाहावे. अनेक बँका आणि विमा कंपन्या ईमेलने पाठवतात त्या विवरणपत्रांचा पासवर्ड नावाची अक्षरे आणि जन्मतारीख जोडून बनतो. ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी आईचे माहेरचे आडनाव विचारण्याची पद्धतही जुनी आहे. मराठी बायोडाटात ‘मामा’ या मथळ्याखाली नेमके तेच आडनाव असते. त्याच कागदावर मुलीचा मोबाइल नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता असेल, तर फसवणुकीला लागणारे बरेचसे साहित्य एका ठिकाणी तयार मिळते.

मामांचे आडनाव मात्र गाळता येत नाही. कुळ आणि देवक पाहणाऱ्या घरांत मामाकुळ, आत्यांची सासरे, ‘इतर पाहुणे’ यांची यादी हा बायोडाटातला खरा कामाचा भाग असतो. ‘अमुक आडनाव, अमुक गाव’ वाचून समोरचे लोक ओळखीचा माणूस शोधतात आणि चौकशी करतात. म्हणून आडनाव आणि गाव ठेवावे. प्रत्येक मामाचे पूर्ण नाव, हुद्दा आणि नंबर काढावा. त्या नातेवाइकांना विचारून ती माहिती टाकलेली नसतेच. संपर्कासाठी वडिलांचा किंवा भावाचा नंबर द्यावा, शक्यतो बँकेच्या खात्याला न जोडलेला.

रक्तगटाची ओळही काढता येते. एकच रक्तगट असलेल्यांनी लग्न करू नये, हा समज चुकीचा आहे. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल तेव्हा काळजी घ्यावी लागते, पण त्यासाठी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन असते. तो विषय डॉक्टरांचा आहे, स्थळ निवडण्याचा नाही.

मालमत्तेच्या रकान्यात ‘स्वतःचे घर’, ‘बागायती शेती’ एवढे पुरे. एकरांचा आणि दागिन्यांचा हिशेब फिरत्या कागदावर नको. ‘मुलीच्या नावे फ्लॅट’, ‘जावयाला धंद्यात भागीदारी’ अशा ओळी तर कायद्यातच अडकू शकतात. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ च्या कलम ४-अ नुसार, लग्नाचा मोबदला म्हणून मालमत्तेत किंवा धंद्यात हिस्सा देऊ करणारी जाहिरात वर्तमानपत्रात किंवा इतर कोणत्याही माध्यमातून करण्यास मनाई आहे.

काय गाळू नये

गाळणे आणि लपवणे यांतली रेषा स्पष्ट ठेवावी लागते. आधीचे लग्न, घटस्फोट, मूल या गोष्टी बायोडाटातच एका ओळीत असाव्यात: ‘घटस्फोटित, अपत्य नाही’ किंवा ‘पाच वर्षांचा मुलगा आईकडे राहतो’. कारणे आणि कोर्टातली हकिकत भेटीसाठी ठेवावी. गंभीर आजार कागदावर लिहावा लागत नाही, पण होकार देण्यापूर्वी सांगावा लागतो. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १२ नुसार, जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या गोष्टीबाबत फसवून संमती मिळवली असेल तर ते लग्न रद्द ठरवण्यासाठी न्यायालयात जाता येते. फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत तसा अर्ज करावा लागतो. वय दोन वर्षांनी कमी लिहिणे किंवा अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण दाखवणे हे सुधारणेत बसत नाही.

एक नमुना

नाशिकची, पुण्यात आयटीत नोकरी करणारी एक मुलगी समजू. तिच्या मूळ बायोडाटाची दोन पाने आहेत. त्यात जन्मवेळ आणि प्रसूतिगृहाचे नाव आहे, कंपनीचे नाव आणि तिथला विभाग आहे, ‘पॅकेज ९.४ लाख’ आहे, फ्लॅट क्रमांकासह पत्ता आहे आणि चार मामांचे नंबर आहेत. स्वभावाच्या रकान्यात ‘उच्चशिक्षित, गोरी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष’. अपेक्षा: ‘किमान बी.ई., पुण्यात स्वतःचा फ्लॅट, पॅकेज २० लाख, एकुलता एक, निर्व्यसनी’.

सुधारलेल्या एका पानावर तीच माहिती अशी येते:

जन्म: ऑगस्ट १९९७, नाशिक. कन्या रास, हस्त नक्षत्र, चरण २, देवगण, आद्य नाडी
नोकरी: सॉफ्टवेअर अभियंता, पुणे. वार्षिक उत्पन्न ८ ते १० लाख
निवास: नाशिक, पंचवटी परिसर
मामा: आडनाव व गाव
स्वतःविषयी: चार वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात. सुटीत किल्ले पाहते. स्वयंपाक येतो, रोज एकटीने करण्याची अपेक्षा नसावी.
अपेक्षा: पदवीधर, निर्व्यसनी. लग्नानंतर नोकरी चालू राहील. पुणे किंवा नाशिक पसंत.
संपर्क: वडिलांचा नंबर, सायंकाळी ७ नंतर

फ्लॅटची, पॅकेजची आणि एकुलत्या एकाची अट गेली, कारण घरात विचारल्यावर त्यांवरून कोणी नकार देणार नव्हते. नोकरीची अट आली, कारण त्यावर मुलगी ठाम होती आणि मूळ कागदात तिचा उल्लेखच नव्हता. ‘स्वतःविषयी’ हा रकाना ज्याच्या नावाचा बायोडाटा आहे त्यानेच लिहावा किंवा निदान वाचून मान्य करावा. कांदेपोह्यांच्या वेळी पहिले प्रश्न त्यातल्याच ओळींवर येतात. शेवटी फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहावी, आणि मंडळात दिलेल्या, गटांत टाकलेल्या प्रतींची नोंद ठेवावी. लग्न ठरले की त्या ठिकाणी कळवून प्रत काढायला सांगता येते.