आगाऊ कराचा निरोप: किती, कधी आणि कोणते कागद

जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या चार महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात सीएंच्या कार्यालयातून एक ठरावीक निरोप निघतो. ‘आयकर अधिनियम 1961 च्या कलम 208 व 211 नुसार आपल्या आगाऊ कराचा दुसरा हप्ता देय होत आहे. तरी आवश्यक ती कागदपत्रे त्वरित सादर करून कर विहित मुदतीत भरावा, अन्यथा कलम 234ब व 234क अन्वये व्याज आकारले जाईल.’ यातला एकही शब्द चूक नाही. पण सांगलीतला हार्डवेअरचा दुकानदार तो वाचतो तेव्हा त्याला तीन गोष्टी कळत नाहीत: किती पैसे बाजूला काढायचे, कोणत्या दिवसाच्या आत भरायचे आणि सीएकडे काय पाठवायचे. मग तो फोन करतो, किंवा काहीच करत नाही. काहीच न करणाऱ्यांचं नुकसान होतं.

हा निरोप नव्याने लिहायला बसलं की पहिलं काम शब्दांचं नसतं, माणसं वेगळी करण्याचं असतं. एकच मजकूर सगळ्यांना गेला की ज्यांना तो लागूच नाही तेही धास्तावतात. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजारांच्या आत असेल, तर आगाऊ कर नाही. साठी ओलांडलेल्या, भारतात राहणाऱ्या आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या माणसालाही तो नाही. छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवण्याची योजना घेतली असेल, तर त्यांना संपूर्ण रक्कम एकदाच, 15 मार्चपर्यंत भरता येते. सप्टेंबरचा निरोप या तिघांकडे जाऊच नये.

आता आपला दुकानदार घेऊ. तो रीतसर हिशेबाच्या वह्या ठेवतो आणि नव्या करप्रणालीत आहे. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये दुकानाचा नफा 17 लाख होईल असा अंदाज आहे, शिवाय एफडीचं व्याज 1 लाख. एकूण 18 लाखांवर टप्प्यांनुसार कर होतो 1,60,000 आणि 4 टक्के उपकर धरून 1,66,400. बँकेने व्याजावर 10,000 टीडीएस कापला, तो वजा केला की उरतात 1,56,400. सप्टेंबरपर्यंत यातले 45 टक्के, म्हणजे 70,380 रुपये जमा व्हायला हवेत. जूनमध्ये त्याने 24,000 भरलेले आहेत. उरले 46,380. हाच आकडा दुकानदाराला हवा असतो आणि तोच जुन्या निरोपात नसतो.

नवा निरोप असा होईल:

‘नमस्कार. तुम्हाला 15 सप्टेंबर 2025, सोमवार, या दिवसापर्यंत 46,400 रुपये आगाऊ कर भरायचा आहे. दुकानाचा वर्षाचा नफा 17 लाख आणि एफडीचं व्याज 1 लाख धरून हा आकडा काढला आहे. जूनमध्ये भरलेले 24,000 त्यातून वजा केले आहेत. नफा यापेक्षा बराच जास्त किंवा कमी होईल असं वाटत असेल, तर 8 सप्टेंबरच्या आत कळवा. त्याच तारखेपर्यंत तीन गोष्टी पाठवा: 1 एप्रिल ते 31 ऑगस्टची विक्री आणि खरेदी यांची बेरीज, त्याच काळाचं चालू खात्याचं स्टेटमेंट, आणि या काळात शेअर, म्युच्युअल फंड, जमीन किंवा फ्लॅट विकला असल्यास त्याचा कागद. काही विकलं नसेल तर “नाही” एवढं लिहा. विम्याच्या पावत्या पाठवू नका, त्यांचा यात उपयोग नाही. पैसे भरताना वर्ष AY 2026-27 आणि प्रकार Advance Tax (100) निवडा. भरल्यावर चलन पाठवा.’

यात कलमं नाहीत. ती सीएच्या फाइलमध्ये असतात, तिथेच राहावीत. तारखा मात्र दोन आहेत, आणि माझ्या मते जुन्या निरोपाचा सगळ्यात मोठा दोष दुसरी तारीख नसणं हाच आहे. ‘त्वरित’ या शब्दाला तारीख नसते. कागद 14 तारखेला संध्याकाळी आले तर अंदाज सुधारायला वेळच उरत नाही आणि जूनचाच आकडा पुढे ढकलला जातो.

विम्याच्या पावत्या नकोत हे मुद्दाम लिहावं लागतं. वर्षानुवर्षं एकच छापील यादी पाठवली गेल्यामुळे लोक सवयीने पावत्यांचा गठ्ठा पाठवतात आणि हवं तेच विसरतात. नव्या प्रणालीत विम्याच्या हप्त्याची वजावट मिळत नाही. जमीन किंवा शेअर विकल्याची बातमी मात्र अंदाज पार बदलून टाकते. म्हणून ‘नाही’ हे उत्तरसुद्धा मागायचं. उत्तर आलं नाही, तर विकलं नाही की सांगायचं राहिलं, हे सीएला कळत नाही.

उशिराचा खर्चही धमकीच्या सुरात न लिहिता आकड्यात सांगावा. हा हप्ता अजिबात भरला नाही, तर दरमहा एक टक्का या दराने तीन महिन्यांचं व्याज लागतं, साधारण 1,389 रुपये. एक दिवस उशीर झाला तरी हिशेब तीन महिन्यांचाच होतो. म्हणूनच निरोपात तारखेशेजारी वार लिहिणं फायद्याचं ठरतं: सोमवारची मुदत म्हटली की दुकानदार पैशांची सोय शुक्रवारीच करून ठेवतो.

अंदाजाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगावी लागते. दिवाळीत विक्री उसळली आणि वर्षाचा नफा 20 लाखांवर गेला, तर सप्टेंबरचा हप्ता सांगितल्याप्रमाणे भरूनही तो मागाहून अपुरा ठरतो, कारण व्याज वर्षअखेरच्या खऱ्या करावर मोजलं जातं. या उदाहरणात जून आणि सप्टेंबर मिळून सुमारे 1,200 रुपये व्याज बसेल. ही सीएची चूक नाही, पण आधी सांगितलं नसेल तर तशी वाटते. जमीन किंवा शेअर विकून अचानक नफा झाला, तर कायदा सवलत देतो: त्यावरचा कर पुढच्या हप्त्यांत, आणि हप्ते उरले नसतील तर 31 मार्चपर्यंत भरला, की त्यापोटी हे व्याज लागत नाही.

पैसे भरण्याची लिंक निरोपात देऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. कराच्या नावाने खोट्या लिंका येत असतात. क्लायंटने स्वतः incometax.gov.in उघडून e-Pay Tax मधून भरावं. तिथे एका चुकीकडे लक्ष ठेवावं लागतं: Advance Tax (100) ऐवजी Self-Assessment Tax (300) निवडलं, तर पैसे जमा होतात, पण चुकीच्या खात्यावर. चलन मागवून घेतलं की ते लगेच दिसतं.

वर्षाच्या बाबतीत आता नवा धोका आला आहे. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यात ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ येतं. AY 2026-27 म्हणजे मार्च 2026 ला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न, आणि कर वर्ष 2026-27 म्हणजे मार्च 2027 ला संपणारं. आकडे तेच, वर्षं वेगळी. जून 2026 पासूनच्या निरोपात जुनी ओळ तशीच चिकटवू नका. ‘एप्रिल 2026 ते मार्च 2027 या काळाच्या उत्पन्नासाठी’ असं महिन्यांसकट लिहा.