बुडालेला धंदा आणि त्याची वेळ

कापडाच्या बाजारात एखादी पेढी बुडाली की दुसऱ्या दिवशी लोक दोनच गोष्टी विचारतात. कोणाचे किती पैसे अडकले आणि गाळा कोणाला मिळणार? ती पेढी नेमकी कशाने बुडाली, हे कोणी विचारत नाही. आमच्या तजुर्ब्यात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. काही धंदे कल्पना वाईट म्हणून बुडतात, काही वेळेच्या आधी जन्मले म्हणून. दुसऱ्या प्रकारचे धंदे पुन्हा उभे राहू शकतात. मात्र दोहोंतला फरक ओळखता आला पाहिजे.

गेल्या वर्षी आमच्या भाच्याने तयार कुर्ते इंटरनेटवर विकण्याचा बेत सांगितला आणि भांडवल मागितले. हो किंवा नाही म्हणण्याआधी आम्ही त्याला लंडनच्या ‘बू डॉट कॉम’ या कंपनीची हकीकत सांगितली.

ही कंपनी काही स्वीडिश तरुणांनी काढली. नामांकित कंपन्यांचे कपडे आणि बूट इंटरनेटवर विकायचे, गिऱ्हाइकाने कपडा पडद्यावर फिरवून चारही बाजूंनी पाहायचा, पुतळ्यावर चढवून बघायचा, माल फुकट घरपोच घ्यायचा आणि पसंत नसेल तर फुकट परत करायचा, अशी योजना होती. नोव्हेंबर 1999 मध्ये अठरा देशांत एकदम विक्री सुरू झाली. मे 2000 मध्ये कंपनी बुडाली. तोपर्यंत सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्च झाले होते. मोठ्या खर्चाने बनवलेली तिची संगणकीय यंत्रणा पुढे अवघ्या अडीच लाख पौंडांना विकली गेली.

आज हेच काम शेकडो कंपन्या करतात. मग ‘बू’ का बुडाली? आम्ही भाच्याला कागदावर कारणे मांडायला लावली.

पहिले कारण, टेलिफोनची तार. त्या काळी बहुतेक घरांत इंटरनेट मोडेमवरून येई. उत्तम मोडेमही सेकंदाला सातच किलोबाइट आणी. म्हणजे तीनशे किलोबाइटचे एक पान उघडायला पाऊण मिनिट लागणार. ‘बू’ची पाने चित्रांनी जड होती. दुकानाचा दरवाजा उघडायलाच एवढा वेळ लागला तर गिऱ्हाईक उभे राहील काय? हे कारण आज गेले. ते ‘बू’ने दूर केले नाही, टेलिफोन कंपन्यांनी आणि मोबाइलने केले.

दुसरे कारण, खर्चाचा वेग. शेकडो नोकर, अनेक शहरांत कचेऱ्या, जोरदार जाहिराती, आणि हे सारे गिऱ्हाईक येण्याआधी! हे कारण काळाने जात नाही. पुरावा हवा तर ‘एसॉस’ पाहा. ही कंपनी त्याच लंडनमध्ये, त्याच 2000 साली, इंटरनेटवर विक्री करायला निघाली. तारा तेव्हाही तशाच मंद होत्या. पण तिने सुरुवात लहान केली, गिऱ्हाईक वाढले तसा पसारा वाढवला, आणि ती पुढे मोठी झाली. म्हणून ‘वेळ चुकली’ एवढे म्हणून चालत नाही. आलेल्या गिऱ्हाइकांच्या मानाने खर्च किती, हेही पाहावे लागते.

तिसरे कारण, परत येणारा माल. हे कारण आजही जिवंत आहे. ‘झारा’सारख्या बलाढ्य कंपनीने 2022 मध्ये ब्रिटनमध्ये टपालाने परत येणाऱ्या मालावर आकार लावला. एवढ्या मोठ्या दुकानाला जे झेपत नाही, ते आपल्याला कसे झेपेल?

येथे आम्ही भाच्याला हिशेब घातला. आकडे नमुन्याचे आहेत; ज्याने त्याने आपले घालावेत. कुर्त्याची किंमत 600 रुपये, माल पडतो 400 ला, बांधणी आणि पोहोच 80. उरले 120. शंभर पार्सले पाठवली आणि पंचवीस परत आली, तर विकलेल्या पंचाहत्तरांवर 9,000 रुपये सुटले. परत आलेल्या प्रत्येकावर जायचे 80, यायचे 80 आणि इस्त्री-बांधणीचे 20, असे 180 गेले, म्हणजे 4,500. पाच नग मळके निघाले आणि खरेदीच्या अर्ध्या भावात गेले, तर आणखी 1,000. हाती राहिले 3,500. चाळीस परत आली तर मिळकत 7,200 आणि परतीचा खर्चही 7,200. मळका माल वेगळाच! विक्री वाढते आहे असे वाटते आणि गल्ला रिकामा राहतो.

कुर्ता परत येण्याचे मोठे कारण माप. दुपट्टा, लुंगी, न शिवलेले ड्रेस मटेरियल यांना मापच नाही. भाच्याला आम्ही सांगितले, कल्पना तीच ठेव, माल बदल.

आमचीही एक कल्पना अशीच बुडाली होती. 2002 मध्ये भिवंडीहून आम्ही ड्रेस मटेरियलचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांचे अल्बम केले आणि चिपळूण, खेड, महाडच्या चाळीस दुकानदारांना टपालाने पाठवले. त्यांना मुंबईची खेप नको आणि आम्हाला दलाली नको, असा विचार होता. दीड वर्षात गाडा थांबला. अल्बम पोहोचून ऑर्डर येईपर्यंत लॉट संपलेला असे. बाहेरगावचा चेक वटायला आठवडे लागत. आणि नव्या लॉटची शेड अल्बममधल्या तुकड्याशी जुळत नसे. दुकानदार माल परत करी आणि वर नाराज होई.

2021 मध्ये आम्ही ही कारणे पुन्हा तपासली. पहिले मोबाइलच्या फोटोने गेले. दुसरे यूपीआयने गेले. पैसा क्षणात जमा होतो. तिसरे मात्र गेले नाही, उलट वाढले, कारण फोटोत शेड तुकड्यापेक्षाही जास्त फसवते आणि कापडाचा पोत तर कळतच नाही. म्हणून आम्ही दोन नियम केले. जेवढे ताके बाजूला काढून ठेवले तेवढ्याचाच फोटो पाठवायचा, तोही दिवसाच्या उजेडात काढलेला. आणि मोठ्या ऑर्डरीआधी त्याच ताक्याचा तुकडा टपालाने धाडायचा. चाळीस नव्हे, सहा दुकानदारांपासून सुरुवात केली. आज अकरा आहेत. फार मोठा कारोबार नाही, पण उधारी नाही आणि शेडवरून भांडण क्वचितच होते.

जुनी कल्पना उचलायची असेल तर ती बुडण्याची कारणे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकापुढे लिहावे, हे कारण आज कोणी दूर केले? तार, रस्ता, पैसा पाठवण्याची सोय, असे दुसऱ्याने दूर केलेले कारण असेल तर त्यावर काट मारावी. मात्र ते आपल्या गिऱ्हाइकाच्या गावातही गेले आहे काय, हे स्वतः जाऊन पाहावे. एक सावधगिरी आणखी. जे कारण सर्वांसाठी गेले, त्याचा फायदाही सर्वांना मिळतो. तेथे आपल्याआधी दहा जण उभे असतील. आपली कमाई उरलेल्या कारणात आहे. शेडचे दुखणे आम्हाला सोडवता आले, म्हणून ते अकरा दुकानदार आमच्याकडे टिकले.

भाच्याने कुर्त्यांचा बेत सोडला. सध्या तो दोनशे दुपट्टे घेऊन बसला आहे. शंभर पार्सले जाऊ देत, परत किती येतात ते मोजू, आणि मगच पुढच्या भांडवलाचे बोलू, असे आमचे ठरले आहे.