एजंटाचे पोट कोण भरतो?
आखातात नोकरी लावणाऱ्यांची कमाई आणि आपली सावधगिरी

रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांत क्वचितच असे घर सापडेल, ज्यातले कोणी ना कोणी सौदी, कुवेत, दुबई किंवा कतारला राहून आलेले नाही. बऱ्याच घरांत आता तिसरी पिढी निघण्याच्या तयारीत आहे. पासपोर्ट काढला, ओळखीच्या एजंटाचा नंबर मिळाला, की घरात पहिला प्रश्न निघतो, "किती मागतो?" खरे तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, "त्याला आणखी कोण देतो?" एजंट कोणाच्या पैशावर जगतो हे कळले की तो कोणाची बाजू घेईल हेही कळते.

पैसे येण्याच्या दोन वाटा

पहिली वाट सरळ आहे. परदेशातल्या कंपनीला माणसे हवी असतात. ती मुंबईतल्या एजन्सीला मागणीपत्र आणि मुखत्यारपत्र देते. किती माणसे, कोणत्या कामाची आणि किती पगाराची, हे मागणीपत्रात लिहिलेले असते. एजन्सी मुलाखती घेऊन माणसे निवडते आणि माणसामागे ठरलेली रक्कम कंपनीकडून घेते. अशा करारात सहसा एक अट असते. पाठवलेला माणूस चाचणीच्या काळात कामाला उतरला नाही किंवा परत आला, तर एजन्सीने त्याच्या जागी दुसरा माणूस फुकट द्यायचा. त्यामुळे योग्य कामाला योग्य माणूस लागावा आणि तो तिथे टिकावा, यातच एजन्सीचा फायदा असतो. मुंबई-पुण्यातल्या ऑफिसच्या नोकऱ्यांतही बहुतेक कन्सल्टंट असेच चालतात. ते कंपनीकडून वर्षाच्या पगाराचा ठरावीक हिस्सा, पुष्कळदा एक महिन्याच्या पगाराइतका, घेतात आणि उमेदवाराकडून काही घेत नाहीत.

दुसरी वाट उलटी आहे. इथे कंपनी एजंटाला काही देत नाही, उलट कंपनीतला माणूस किंवा व्हिसा काढणारा कफीलच एजंटाकडून पैसे घेतो. ज्याच्या हातात व्हिसा आहे तो तो विकतो, एजंट विकत घेतो आणि वर आपला नफा चढवून आपल्या मुलाला विकतो. मुंबईचा एजंट आणि गाव यांच्यामध्ये आणखी एक-दोन माणसे असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा वाढत जातो. इथे एजंटाची कमाई मुलगा विमानात बसला की पुरी होते. तो तिथे टिकला काय आणि तीन महिन्यांत परतला काय, एजंटाचे काही जात नाही. परतला तर उलट दुसऱ्याला पाठवून पुन्हा कमाई होते.

एजंट गोड बोलतो की रागीट, पाच वेळचा नमाजी आहे की नाही, यावरून हा फरक ओळखता येत नाही. त्याचा पैसा कुठून येतो यावरूनच तो ओळखता येतो.

कायदा किती घेऊ देतो?

भारतात परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करायची, तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी लागते. नोंदणी नसताना भरती करणे गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगा दहावी पास असो वा नसो, एजंटाला नोंदणी लागतेच.

नोंदणी असलेला एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेऊ शकतो. त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सौदीच्या कामगार कायद्याप्रमाणे परदेशी कामगाराच्या भरतीचा, इकाम्याचा आणि वर्क परमिटचा खर्च मालकाने करायचा असतो. अमिरातीच्या कायद्यातही मालकाने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. म्हणून "इकाम्याचे पैसे" किंवा "व्हिसाचे पैसे" म्हणून इथे काही मागितले, तर मालकाचा खर्च आपल्या गळ्यात घातला जात आहे असे समजावे.

एक हिशोब मांडून पाहू

समजा, म्हसळ्याकडच्या एका मुलाला दम्मामच्या कंपनीत एसी मेकॅनिकचे काम मिळते आहे. पगार १,५०० रियाल, राहणे कंपनीचे. एजंट १,१०,००० रुपये मागतो. गावातलाच एक ओळखीचा माणूस मध्ये आहे. सगळे त्याला चाचा म्हणतात, आणि त्याचा शब्द घरात कोणी मोडत नाही.

यातले कायदेशीर फक्त ३५,४०० रुपये. बाकीचे ७४,६०० रुपये कशाचे, असे विचारले तर उत्तर मिळते, "वरचा खर्च." त्यातले काही चाचांचे असतात, काही मुंबईच्या एजंटाचे आणि काही व्हिसा देणाऱ्याचे. कोणाला किती गेले हे घरच्यांना कधीच कळत नाही. पावती मात्र ३०,००० ची, जीएसटीसकट, अगदी नीट मिळते. उरलेली रक्कम रोख घेतली जाते.

पेच नेमका या पावतीत आहे. उद्या काम वेगळे निघाले किंवा पगार कमी मिळाला आणि घरच्यांनी तक्रार केली, तर कागदावर एजंटाने नियमाप्रमाणेच पैसे घेतलेले दिसतात. रोख दिलेले ७४,६०० रुपये कुठेच नसतात.

आता मुलाच्या बाजूने पाहू. रियालचा भाव २३ रुपये धरला तर पगार ३४,५०० रुपये होतो. जेवणखाण आणि फोन वजा जाता तो महिना ९०० रियाल, म्हणजे २०,७०० रुपये घरी पाठवतो. फक्त कायदेशीर शुल्क दिले असते, तर ते पावणेदोन महिन्यांत फिटले असते. १,१०,००० फिटायला सव्वापाच महिन्यांच्या आसपास लागतात. अम्मीचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे केले असतील, तर आणखी वेळ लागतो. तोवर मुलाला काम सोडून परत येण्याची सोय राहत नाही. पगार १,५०० ऐवजी १,२०० हातात पडला, तरी तो गप्प राहतो. जितके जास्त पैसे देऊन तो गेला, तितका तो तिथे जास्त बांधला गेला.

आझाद व्हिसा

याच व्यवहाराचे सर्वांत उघड रूप म्हणजे आझाद व्हिसा. "तिथे जाऊन मर्जीचे काम शोध, कफील त्रास देणार नाही," असे सांगून तो विकला जातो. व्हिसा ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे काम नसतेच. व्हिसाची किंमत आणि पुढे दर महिन्याला किंवा दर वर्षाला मिळणारी रक्कम, एवढीच त्याची कमाई. कागदावर एकाकडे आणि प्रत्यक्षात दुसऱ्याकडे काम करणे सौदी कायद्यात बेकायदेशीर आहे. पकडला गेला तर कैद, दंड आणि परतपाठवणी मुलाच्या वाट्याला येते. पगार बुडाला तर प्रत्यक्ष मालकाशी त्याचा कागदी करारच नसतो.

अमिरातीसाठी याचा भाऊबंद म्हणजे व्हिझिट व्हिसा. "आधी जा, नोकरीचा व्हिसा तिथेच होईल," असे सांगितले जाते. भेटीच्या व्हिसावर काम करायला परवानगी नसते. एमिग्रेशन क्लिअरन्स टळल्यामुळे निघण्यापूर्वी करार तपासला जाण्याची संधीही जाते.

विश्वास कोणावर ठेवावा?

पैसे देण्यापूर्वी emigrate.gov.in या सरकारी साइटवर एजंटाचे नाव पाहावे. नोंदणी चालू आहे, निलंबित आहे, रद्द झाली आहे की मुदत संपली आहे, हे तिथे दिसते. ऑफिसचा पत्ताही जुळवून पाहावा. दुसऱ्याचा नोंदणी क्रमांक आपल्या जाहिरातीत छापणारेही असतात, म्हणून साइटवर दिलेल्या पत्त्यावर स्वतः जाऊन खात्री करावी. गावातल्या मध्यस्थाची नोंदणी नसेल, तर तो कितीही भला असला तरी त्याच्या हातात पैसे देऊ नयेत. त्याचा कायदेशीर जबाब कोणाकडेच नाही.

मात्र नोंदणी असणे म्हणजे प्रामाणिक असणे नव्हे. नोंदणीमुळे एवढेच होते की काही बिघडले तर कोणाला पकडायचे हे ठरते. नोंदणीसाठी एजंटाने सरकारकडे बँक हमी ठेवलेली असते, आणि तक्रार खरी ठरली तर नोंदणी जाऊ शकते. पुढची पारख आपल्यालाच करायची आहे, आणि त्यासाठी तीन गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट, त्याला सरळ विचारावे, "कंपनी तुम्हाला माणसामागे किती देते?" नेमकी रक्कम सांगितली नाही तरी हरकत नाही, पण "कंपनी देत नाही, आम्हालाच वर द्यावे लागतात" असे उत्तर आले, तर तो व्हिसा विकतो आहे हे त्याने स्वतःच सांगितले.

दुसरी गोष्ट, मागणीपत्र पाहायला मागावे. कंपनीचे नाव, काम, पगार आणि जागा त्यात असते. सही करण्याच्या करारातही तेच असायला हवे. मागणीपत्रात मेकॅनिक आणि व्हिसावर लेबर असेल, तर तिथेच थांबावे. कंपनीचे नाव "पैसे भरल्यावर सांगू" म्हणणाऱ्याकडे बहुधा कंपनीच नसते.

तिसरी गोष्ट, पैसे बँकेतून आणि एजन्सीच्याच नावाने द्यावे, आणि जितके दिले तितक्याची पावती घ्यावी. "पावतीवर ३०, बाकी रोख" हे ऐकू आले की समोरचा माणूस आपली तक्रार आत्ताच मोडून काढतो आहे असे समजावे.

मेडिकलचे पैसे मान्यताप्राप्त केंद्रातच भरावे आणि पावती आपल्याकडे ठेवावी. व्हिसाचा पत्ता नसताना मेडिकलची घाई करणाऱ्यापासून दूर राहावे. मेडिकलची मुदत संपते आणि दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. मूळ पासपोर्ट कोणी "पैसे पूर्ण होईपर्यंत" अडकवून ठेवला, तर तो त्याचा हक्क नाही.

क्लिअरन्स लागणाऱ्यांसाठी

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्सची अट असते. आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्यांना ती मंजुरी घ्यावी लागते. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाख रुपयांचा अपघाती विमा काढला जातो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. हप्ता इतका लहान आहे की "विम्याचे हजारो रुपये" मागणारा लगेच उघडा पडतो. विम्याचा कागद एक प्रत घरी ठेवावी, कारण वेळ आली तर तो घरच्यांनाच लागतो.

फसवणूक झाली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा मोफत नंबर आहे. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालयही आहे. मुलगा तिकडे असेल तर मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. नोंदणी नसलेल्या एजंटाची तक्रार पोलिसांतही द्यावी. यातल्या कुठल्याही दारात पहिला प्रश्न एकच असतो, पैसे दिल्याचा कागद कुठे आहे? म्हणून बँकेची पावती, मागणीपत्राची झेरॉक्स, करार, व्हिसाची प्रत आणि एजंटाशी झालेले मेसेज एका फायलीत घालून ती फाईल अब्बा-अम्मींकडे द्यावी. मुलगा विमानात बसल्यावर ती गोळा करायला कोणी उरत नाही.